फोटोवरून लिपस्टिकची शेड शोधताना

लिपस्टिक तळाला आलेली असते, खालचा स्टिकर घासून कोरा झालेला असतो आणि दुकानात तीच शेड मागितली की ‘ती कंपनीने बंद केली, मॅडम’ असं उत्तर मिळतं. मग आपण मोबाइल पुढे करतो. ‘हा फोटो बघा, अशीच द्या.’ काउंटरवरची मुलगी फोटो बघून दोन-तीन कांड्या काढते, त्यातली एक आपल्याला हुबेहूब वाटते आणि घरी येऊन लावली की ओठांवर भलताच रंग दिसतो. यात तिची चूक नसते आणि आपल्या डोळ्यांचीही नसते. फोटोतला रंग एकटा वाचायला गेलं की असंच होतं. त्याच फोटोत आपल्याला नक्की माहीत असलेली एखादी वस्तू शोधायची आणि तिच्या आधाराने रंग वाचायचा, ही या कामातली खरी गोम आहे.

पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद पिवळट दिसतो, पण आपला मेंदू ते मनातल्या मनात दुरुस्त करून त्याला पांढराच म्हणतो. कॅमेऱ्यालाही ही दुरुस्ती करावी लागते. त्याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. पण फोनचा कॅमेरा ती अंदाजाने करतो. समोर लाकडी टेबल, लालसर चादर किंवा हाताची त्वचाच जास्त असेल तर त्याचा अंदाज हमखास चुकतो. एकच लिपस्टिक स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली विटकरी दिसते, खिडकीशी गुलाबी दिसते आणि ट्यूबलाइटखाली जांभळट. त्यात बघणाऱ्याच्या फोनवर रात्रीचा ‘नाइट लाइट’ चालू असेल तर पडदाच पिवळा झालेला असतो. फोटो काढणारीचा दिवा आणि बघणारीचा पडदा, दोन्ही रंग बदलतात. म्हणून आधी स्वतःच्या फोनवरचे नाइट लाइट, ट्रू टोन असले प्रकार बंद करायचे आणि मगच फोटो उघडायचा.

माझ्या सोलापूरच्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आल्या. तिची रोजची लिपस्टिक मिळेनाशी झाली होती. स्टिकर पुसलेला, खोका कधीच टाकून दिलेला. तिने रात्री डायनिंग टेबलावर, कागदी नॅपकिनवर कांडी आडवी ठेवून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, अशी विटकरी कुठे मिळेल ते बघ ना.’ फोटोत ती खरंच विटकरी दिसत होती. पण मला तिच्या ओठांवर तो रंग विटकरी आठवत नव्हता, गुलाबीकडे झुकणारा आठवत होता.

सुदैवाने फोटोत नॅपकिन होता आणि तो पांढरा आहे हे दोघींना माहीत होतं. फोनवर ‘कलर पिकर’ नावाची बरीच फुकट ॲप मिळतात. फोटोतल्या एखाद्या ठिकाणी बोट ठेवलं की त्या जागेचा लाल, हिरवा आणि निळा अंश किती, हे ती शून्य ते २५५ या आकड्यांत सांगतात. पांढऱ्या किंवा करड्या वस्तूचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. तिच्या नॅपकिनचे आले लाल २४०, हिरवा २२४ आणि निळा १९२. म्हणजे दिव्याने फोटोत लाल जास्त भरला होता आणि निळा खाल्ला होता. लिपस्टिकचे आकडे होते लाल १६५, हिरवा ८४, निळा ७८.

आता हिरव्याला आधार मानायचा. नॅपकिनचा लाल २४० वरून २२४ वर आणायला जेवढ्या प्रमाणात कमी करावा लागतो, तेवढ्याच प्रमाणात लिपस्टिकचा लाल कमी करायचा. १६५ चे झाले १५४. नॅपकिनचा निळा १९२ वरून २२४ वर न्यायला जेवढा वाढवावा लागतो, तेवढाच लिपस्टिकचा वाढवायचा. ७८ चे झाले ९१. हिरवा ८४ वर तसाच राहिला. मूळ फोटोत निळा हिरव्यापेक्षा कमी होता आणि अशा लालात केशरी-तपकिरी झाक येते, म्हणून ती विटकरी वाटत होती. दुरुस्तीनंतर निळा हिरव्याच्या वर गेला. म्हणजे हा मातकट गुलाबी, काउंटरवर ज्याला ‘डस्टी रोझ’ म्हणतात त्या घरातला रंग निघाला. गणित ढोबळ आहे, पण कुठल्या घरात शोधायचं हे त्याने बदलून टाकलं. विटकरी शेडमध्ये शोधत बसलो असतो तर ती लिपस्टिक कधीच सापडली नसती.

ज्यांना आकडेमोड नको असेल त्यांनी स्नॅपसीड या फुकट ॲपमधलं ‘व्हाइट बॅलन्स’ उघडून त्यातला ड्रॉपर नॅपकिनवर ठेवावा. फोटो आपोआप दुरुस्त होतो. फक्त आधार म्हणून घेतलेली ती पांढरी जागा भरवशाची हवी. तिन्ही आकडे २५५ आले तर तिथे कॅमेरा उजेडाने दिपलेला असतो आणि दिव्याची झाक किती होती, ही माहिती त्या जागेतून पुसली गेलेली असते. अशा वेळी नॅपकिनचा जरा कमी उजळ भाग शोधायचा, पण बाटलीच्या किंवा हाताच्या सावलीतला नाही, कारण सावलीत दुसऱ्याच उजेडाची झाक असते. झेरॉक्सचा कागदही शक्यतो टाळावा. तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात असं द्रव्य घालतात की दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी तो किंचित निळसर उजळतो आणि त्याच्यावरून केलेली दुरुस्ती पिवळ्याकडे ढळते. नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप पाच-सहा पदरी घडी करून शेजारी ठेवली तर ती यासाठी फार चांगली. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळते.

फोटो जुना असेल आणि त्यात पांढरं काहीच नसेल तर दुसरी माहितीची वस्तू शोधायची. कांडीची काळी डबी, चांदीसारखी पट्टी, मागचं वर्तमानपत्र, काहीही चालतं, फक्त ते मुळात बिनरंगी असायला हवं. आणि समजा शेजारी एखादी ओळखीची लिपस्टिक पडलेली दिसली, तर सोन्याहून पिवळं. मॅकची ‘रूबी वू’ ही निळसर झाक असलेली कडक मॅट लाल शेड इतक्या जणींकडे आणि इतक्या फोटोंत असते की तिच्यावरून बाकीच्या शेड वाचणं हे मेकअपच्या कामात नित्याचं आहे. अनोळखी शेड तिच्यापेक्षा गडद आहे की फिकी, जास्त केशरी आहे की जास्त गुलाबी, एवढं एकाच फोटोत कळलं तरी निम्मं काम होतं.

पण रंगाचं घर कळलं म्हणजे शेड कळली असं नाही. मावसबहिणीच्या फोटोत कांडी होती आणि कांडी म्हणजे घट्ट थापलेला रंग. ओठांवर त्याचा पातळ थर बसतो आणि पातळ थरात रंग फिका होतो, त्याची आतली झाक वर येते आणि ओठांचा मूळ रंग त्यातून डोकावतो. कांडीत चॉकलेटी दिसणारी शेड ओठांवर निव्वळ गुलाबी निघू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला एवढंच करायला सांगितलं. कांडीचा वरचा थर टिश्यूने पुसून टाक, कारण जुन्या लिपस्टिकवर धूळ आणि तेलकटपणाचं आवरण बसलेलं असतं. मग पांढऱ्या कागदावर एक हात फिरवून एक पट्टा ओढ, शेजारी तीन हात फिरवून दुसरा ओढ आणि सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी, थेट ऊन न येता, फोटो काढ. फोनचा ब्यूटी मोड बंद ठेव आणि फोटो काढण्याआधी पडद्यावर बोट दाबून धर, म्हणजे उजेड आणि फोकस एका जागी राहतील.

त्या दोन पट्ट्यांनी बरंच सांगितलं. पहिल्याच हातात कागद जवळजवळ झाकला गेला असता तर शेड पूर्ण झाकणारी आहे असं म्हणता आलं असतं. तिच्या पट्ट्यात मात्र कागद दिसत होता आणि तीन हातांनंतर रंग दोन पावलं गडद झाला. म्हणजे मूळ लिपस्टिक मलईदार, अर्धपारदर्शक होती. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या ओठांच्या कडा गडद आणि मधला भाग गुलाबी असतो. अर्धपारदर्शक लिपस्टिक तो फरक तसाच ठेवते, झाकणारी मॅट तो पुसून टाकते. म्हणून पर्याय शोधताना नुसता रंग जुळवला आणि थर जुळवला नाही, तर कागदावर दोन शेड सख्ख्या बहिणी दिसतात आणि ओठांवर परक्या. माझा क्रम असा असतो. आधी रंगाचं घर, मग गडदपणा, मग झाकण्याची ताकद आणि शेवटी चकाकी. चकाकी शेवटी ठेवते, कारण मॅटवर किंचित लिपबाम लावून ती आणता येते, ग्लॉसी टिश्यूने टिपून घालवता येते. केशरी झाक मात्र काही केल्या गुलाबी करता येत नाही.

इथपर्यंत आल्यावर ऑनलाइन दुकानांत शोधणं सोपं होतं, कारण ‘डस्टी रोझ, क्रीम, गडदपणा मध्यम’ असं नेमकं काहीतरी शोधता येतं. पण विक्रीच्या पानावरचे रंगाचे चौकोन खरे मानू नयेत. बरेचसे चौकोन संगणकावर भरलेले असतात आणि एकाच शेडचा चौकोन दोन दुकानांत दोन रंगांचा दिसतो. त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी हातावर ओढलेल्या पट्ट्यांचे फोटो बघावेत, तेही आपल्या वर्णाच्या हातावरचे. गोऱ्यापान मनगटावरची शेड सावळ्या ओठांवर काय करेल याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. शोध घेऊन तिने तीन शेड निवडल्या आणि त्यांचे टेस्टर असलेल्या दुकानात गेली.

तिथे एक मजेशीर अडचण आली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तिने मनगटाच्या आतल्या बाजूला आपल्या जुन्या लिपस्टिकचा पट्टा ओढला आणि त्याच्या शेजारी तिन्ही टेस्टर. दुकानाच्या दिव्यात पहिली शेड जुन्या पट्ट्याशी एकजीव झाली, कुठली कुठे संपते ते कळेना. दुकानाच्या दारात, सावलीत येऊन बघितलं तर तीच पहिली शेड उघड तपकिरी दिसली आणि दुसरी जुळली. दोन्ही वेळा तिचे डोळे बरोबरच होते. दोन लिपस्टिकमध्ये वेगवेगळे रंगद्रव्य असतील तर ती प्रकाशाचा वेगवेगळा भाग परावर्तित करतात. एका दिव्याखाली डोळ्याला दोन्ही सारख्या भासतात, दिवा बदलला की वेगळ्या. रंगशास्त्रात याला ‘मेटामेरिझम’ म्हणतात. साड्यांच्या दुकानात ब्लाउजपीस घेऊन दाराशी जायची सवय आपल्या आया-आज्यांना होतीच. लिपस्टिकला तोच नियम लागू आहे. आणि फोटोवरून रंग जुळवण्याची मर्यादाही इथेच येते. कॅमेरा प्रत्येक रंगाचे फक्त तीन आकडे ठेवतो, बाकीची सगळी माहिती टाकून देतो. त्यामुळे दुसऱ्या दिव्याखाली दोन लिपस्टिक कशा दिसतील, हे एका फोटोला सांगताच येत नाही.

मग खोक्यावरच्या घटकांवरून काही कळतं का? थोडंसं. ‘सीआय’ या अक्षरांपुढचे पाच आकडे म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही अनुक्रमे लाल, पिवळी आणि काळी लोहाची ऑक्साइड, ७७८९१ हे पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड आणि १५८५० हा लिपस्टिकमधला नेहमीचा लाल. मातकट, तपकिरी झाक बहुधा ऑक्साइडमुळे येते. पण एका सीआय १५८५० या क्रमांकाखाली पिवळट लाल आणि निळसर लाल असे दोन्ही प्रकार येतात. शिवाय यादीत अधिक-वजा चिन्हानंतर लिहिलेली द्रव्यं त्या मालिकेतल्या सगळ्या शेडसाठी मिळून असतात, आपल्या शेडमध्ये त्यातली कुठली आहेत ते कळत नाही. यादीवरून शेड जुळवता येत नाही. एक गोष्ट मात्र यादीत जरूर बघावी. सीआय ४५३८० किंवा ४५४१० दिसले तर त्या मालिकेत ओठांवर डाग धरणारे रंग आहेत. अशी लिपस्टिक लावताना तपकिरी असली तरी तासाभराने खाली गुलाबी उरते.

मावसबहिणीची तिसरी शेड नेमकी अशी निघाली. दुकानात ती दुसऱ्या क्रमांकावर होती. तिने पट्टे न पुसता भाजी घेतली, घरी आली आणि मग ओल्या रुमालाने मनगट पुसलं, तर तिसऱ्या पट्ट्याखाली ठसठशीत गुलाबी डाग उरला. दुसऱ्या शेडचा रंग मात्र होता तसा होता, पुसताना स्वच्छ निघाला. तिने तीच घेतली. ती तिच्या जुन्या लिपस्टिकपेक्षा जराशी जास्त झाकणारी आहे, म्हणून ती कांडी थेट न फिरवता बोटाने टिपून लावते. हुबेहूब नाही, पण तिच्या नवऱ्याला आणि शाळेतल्या बायांना बदल कळला नाही, एवढी जवळची आहे. टेस्टर ओठांना लावायचा हट्ट मात्र तिने केला नाही, ते बरंच केलं. तो किती जणींच्या ओठांना लागलेला असतो सांगता येत नाही. मनगटापेक्षा ओठांच्या रंगाच्या जवळ काही हवं असेल तर बोटाच्या पेराचा मऊ भाग वापरावा. तो ओठांसारखा लालसर असतो आणि मेकअप करणारे त्यावरच बघतात.

फाउंडेशनच्या बाबतीत मात्र माझं मत स्पष्ट आहे. बाटलीच्या फोटोवरून शेड जुळवायच्या फंदात पडूच नये. काच जाड असते, आतला रंग थराथरात साचलेला असतो आणि शेजारच्या दोन शेडमधला फरक इतका थोडा असतो की फोनच्या कॅमेऱ्याची चूकच त्यापेक्षा मोठी भरते. फाउंडेशनच्या फोटोत बघायचा तो रंग नाही, तळाचा किंवा मागचा क्रमांक. तो वाचता आला तर त्याच्यावरून दुसऱ्या कंपनीची शेड काढता येते, पण अक्षरांचा अर्थ नीट बघून. एस्टी लॉडरच्या डबल वेअरमध्ये ‘३डब्ल्यू१’ असं काही लिहिलेलं असतं. त्यात डब्ल्यू म्हणजे पिवळट-सोनेरी झाक, सी म्हणजे गुलाबी झाक आणि एन म्हणजे मधली. मॅक ही त्याच समूहाची कंपनी, पण तिच्या ‘एनसी’ शेड सोनेरी झाक असलेल्या त्वचेसाठी असतात आणि ‘एनडब्ल्यू’ गुलाबी झाकेसाठी. आपल्याकडच्या गव्हाळ वर्णाची एखादी मुलगी मॅकची एनसी ४२ लावत असेल आणि तिने ‘सी’ बघून दुसऱ्या कंपनीची सी असलेली बाटली मागवली, तर चेहरा गुलाबट आणि मान पिवळट दिसणार. अशा वेळी अक्षर सोडून द्यायचं आणि झाक व गडदपणा या दोनच गोष्टी पुढे न्यायच्या.

त्यातून जवळच्या दोन शेड निवडल्या की जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे, दोन्हींचे पट्टे ओढायचे आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फाउंडेशनमधला उडून जाणारा द्रव गेला आणि त्वचेचं तेल त्यात मिसळलं की बऱ्याच शेड गडद होतात. काउंटरवर लगेच आरशात बघून घेतलेली शेड संध्याकाळी एक पायरी काळवंडलेली दिसते ती यामुळे. वीस मिनिटांनी, दाराच्या उजेडात जो पट्टा दिसेनासा होतो ती आपली शेड. दोन्ही दिसत राहिले, एक जरा उजळ आणि एक जरा गडद, तर दोन्ही थोड्या-थोड्या मिसळून लावता येतात. बहुतेक फाउंडेशनमध्ये पांढरं, पिवळं, लाल आणि काळं हीच चार द्रव्यं कमी-जास्त प्रमाणात असतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या शेड एकमेकांत सहज मिसळतात. दोन मालिकांच्या मिसळायला जाऊ नये. एकात पाणी आणि दुसऱ्यात सिलिकॉन जास्त असेल तर फाउंडेशन दाणेदार होऊन त्वचेवर गुठळ्या दिसतात.

आणि या सगळ्या शोधाशोधीतून वाचायचं असेल तर आज एक काम करा. घरात जी लिपस्टिक किंवा फाउंडेशन तुम्ही मनापासून वापरता, तिच्या तळाच्या स्टिकरचा फोटो काढा. शेडचं नाव, क्रमांक आणि मालिकेचं नाव, तिन्ही वाचता येतील असा. मग खिडकीशी, पांढऱ्या नॅपकिनशेजारी तिचा एक पट्टा ओढून दुसरा फोटो काढा. स्टिकर घासून जायच्या आधी हे दोन फोटो तुमच्याकडे असले पाहिजेत.